आजींची मालिका आणि इस्त्रीचा दिवा

आजींच्या घरातला ४३ इंची टीव्ही मी दुकानात आणला तो माझ्याच हट्टाने. तक्रार अशी, की संध्याकाळी मधेच स्क्रीन काळी होते, कंपनीचं नाव झळकतं आणि टीव्ही पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. मी दुपारी गेलो, अर्धा तास बसलो, काही झालं नाही. सवयीने म्हणालो, "सप्लाय बोर्ड असेल." दुकानात उघडला. कपॅसिटर फुगलेले नव्हते, तरी दोन बदलले. दोन दिवस सलग चालवला, एकदाही बंद पडला नाही. बाराशे रुपये घेतले आणि सेट घरी लावून आलो.

तिसऱ्या दिवशी आजींचा फोन. "अरे, तू नीट केलास की अजून बिघडवलास? ऐन मालिकेत तीनदा गेला."

आता मात्र संध्याकाळी सातलाच गेलो. टीव्हीला हात न लावता नातवाला विचारलं, "टीव्ही जातो तेव्हा वायफाय पण जातं का?" तो मोबाइलमधून वर न बघता म्हणाला, "हो ना काका, गेम तुटतो. नेट स्लो आहे आमच्याकडे."

हा प्रश्न मी पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता. टीव्हीचा बोर्ड बिघडला तर टीव्ही एकटा बंद पडेल. सेट-टॉप बॉक्स आणि राउटर त्याच्या जोडीने कशाला बंद पडतील?

शोकेसमागे टॉर्च मारला. भिंतीत एकच सॉकेट, त्यात एक्स्टेंशन बोर्ड, बोर्डावर टीव्ही, बॉक्स, राउटर, चार्जर आणि शेवटी इस्त्रीची वायर. सूनबाई डायनिंग टेबलावर उद्याचे कपडे इस्त्री करत होत्या. मी इस्त्रीवरच्या छोट्या दिव्याकडे बघत उभा राहिलो. दिवा विझला. मिनिटभराने टक्‌ आवाज होऊन पेटला आणि टीव्ही काळा! आजी ओरडल्या, "बघ, बघ!"

इस्त्री गरम झाली की आपोआप बंद होते, गार व्हायला लागली की परत चालू होते. ती वेळ कुणी ठरवत नाही, म्हणून घरच्यांना टीव्ही 'कधीही' जातो असं वाटायचं. दर वेळी जायचा असंही नाही. म्हणून कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

मल्टीमीटर लावला. भिंतीच्या सॉकेटवर २२८ व्होल्ट, इस्त्री चालू असतानाही जवळजवळ तेवढेच. एक्स्टेंशनच्या रिकाम्या सॉकेटवर मात्र इस्त्री लागली की आकडे उड्या मारायचे, २२०, १९०, मधेच १७०. खरं तर १७० वर टीव्ही बंद पडायचं कारण नाही. त्याच्या पाठीमागे १०० ते २४० छापलेलं होतं. म्हणजे व्होल्टेज नुसतं कमी होत नव्हतं, क्षणभर पूर्ण तुटत होतं, आणि माझं मीटर तेवढं चपळ नाही. टीव्हीतला मोठा कपॅसिटर डोळ्याची पापणी लवेपर्यंत तग धरतो, त्याहून जास्त खंड पडला की सेट पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो.

मेन बंद करून एक्स्टेंशनचा प्लग काढला. पिना कोमट नव्हे, चटका बसेल एवढ्या गरम. प्लग उघडला तर न्यूट्रलचा स्क्रू बोटाने फिरत होता, त्याखालच्या तांब्याच्या तारा काळ्या पडून अर्ध्या तुटलेल्या, आणि भोवतालचं प्लॅस्टिक तपकिरी. जळक्या प्लॅस्टिकचा वास आला तशा सूनबाई म्हणाल्या, "हा वास मला महिनाभर येतोय. मला वाटलं, इस्त्री जुनी झाली."

हजार वॅटची इस्त्री सव्वाचार अँपिअरच्या आसपास ओढते, टीव्हीला अर्धा अँपिअरही लागत नाही. सगळं मिळून बोर्डावर लिहिलेल्या ६ अँपिअरच्या आतच होतं, म्हणून ना फ्यूज उडाला ना एमसीबी. टीव्हीपुरतं त्या ढिल्या स्क्रूने निभावलं असतं, इस्त्रीचा भार आल्यावर ठिणग्या पडायला लागल्या. घट्ट जोडात हाच भार आरामात जातो.

तो बोर्ड तिथेच कचऱ्यात टाकायला लावला. टीव्हीचा प्लग थेट भिंतीत लावला. तो हलवून पाहिला, सॉकेटची पकड चांगली होती. बॉक्स आणि राउटरला जाड वायरचा नवा बोर्ड खालच्या कोपऱ्यातल्या दुसऱ्या सॉकेटवर दिला, इस्त्री बेडरूमच्या भिंतीवर गेली. मग सूनबाईंना मुद्दाम इस्त्री लावायला सांगून मी आजींबरोबर अख्खी मालिका पाहिली. दिवा सात-आठ वेळा पेटला-विझला, टीव्ही हलला नाही. एवढं करूनही तो थेट भिंतीवर एकटाच रीस्टार्ट झाला असता, तर मात्र मी टीव्हीचा बोर्ड किंवा सॉफ्टवेअर तपासलं असतं.

निघताना बाराशे रुपये परत पुढे केले. आजींनी मोजून घेतले, त्यातले दोनशे माझ्या हातावर ठेवले आणि म्हणाल्या, "हे स्क्रूचे. कपॅसिटरचे नाही देणार."