वडगावच्या मागांशेजारी व्हॉइस-ओव्हर: माझा अनुभव

आमचं घर बेळगावात वडगावला, दोन्ही बाजूंना यंत्रमाग. लहानपणापासून त्या खटखटीतच झोपले, त्यामुळे ती मला ऐकूच येत नव्हती. माइकला मात्र आली.

पहिला माइक मी कंडेन्सर घेतला. तो नाजूक आवाज छान पकडतो, पण दूरचेही सोडत नाही. शेजारचे माग, कुकरची शिट्टी, भिंतींवरून परत येणारा माझाच आवाज, सगळं फाइलीत. ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमधलं नॉइज रिडक्शन जोरात लावून पाहिलं, तर 'स' आणि 'श' पाण्यातून बोलल्यासारखे यायला लागले. तेव्हा आधी खोली नीट करायची ठरवलं.

टाळी वाजवून बघितलं. मधल्या खोलीत टाळीमागे बारीक झंकार राहायचा. कपड्यांच्या कपाटाची दारं उघडून त्याच्याकडे तोंड केलं की तो जवळजवळ जायचा. मग तिथेच बसायला लागले, पाठीमागे गादी उभी आणि वर जाडी गोधडी. माइक बदलून डायनॅमिक घेतला, तो दूरचे आवाज कमी पकडतो. तो तोंडापासून चार बोटांवर, जरा तिरका ठेवते, म्हणजे 'प' आणि 'फ'चा फुत्कार सरळ आत जात नाही. तरी एक घरघर राहिलीच होती. ती हवेतून नव्हे, जमिनीतून टेबलात आणि टेबलातून स्टँडमध्ये चढत होती. स्टँडखाली गोधडीची घडी ठेवली आणि 80 हर्ट्झच्या खालचे आवाज कापणारा हाय-पास फिल्टर लावला, मग गेली. खटखट मात्र फिल्टरने जात नाही, कारण ती त्याहून खूप वरच्या पट्टीतली असते. त्यासाठी शेजारच्या मामांना विचारलं.

"मामा, सकाळी माग कधी चालू करताय?"

"सातला गं. तुझं काय बोलायचं हाय ते त्याच्या आत उरकून घे की."

तेव्हापासून साडेपाच ते सात ही माझी वेळ. पंखा बंद, फ्रिज बंद. आधी अर्धा मिनिट नुसती शांतता रेकॉर्ड करते. नंतर तुकडे जोडताना मधली फट भरायला तीच कामाला येते.

कोटेशन शिकायला मात्र पैसे मोजावे लागले. पुण्याच्या एका स्टुडिओकडून पतसंस्थेच्या मोबाइल ॲपची माहिती देणाऱ्या व्हिडिओचं काम आलं. मी मिनिटाला 800 रुपये सांगितले. तीन मिनिटं धरून 2,400 ठरले. स्क्रिप्ट 436 शब्दांची होती. माझ्या वाचनात मिनिटाला साधारण 120 शब्द बसतात, म्हणजे साडेतीन मिनिटांच्याही वर. त्यांचं चित्र आधीच 2 मिनिटं 50 सेकंदांचं कापून तयार होतं, त्यात फार तर 340 शब्द मावतात. त्यात '1,25,000 रुपये' हा आकडा कॉम्प्युटर दोनच शब्द मोजतो. तोंडाने मात्र 'एक लाख पंचवीस हजार रुपये' म्हणावं लागतं, पाच शब्द. मी घाईत वाचून पाठवलं, ते नाकारलं गेलं. स्क्रिप्ट कापून पुन्हा वाचली. आठवड्याने व्याजदर बदलला, पुन्हा वाचली. शेवटी त्यातलाच तुकडा पैसे देऊन चालवलेल्या जाहिरातीत ऐकला. त्याबद्दल आमच्यात काहीच लिहिलेलं नव्हतं, त्यामुळे वाईट वाटलं तरी वेगळे पैसे मागता येईनात.

आता कोटेशनआधी आकडे अक्षरांत लिहून शब्द मोजते, स्क्रिप्ट घड्याळ लावून एकदा मोठ्याने वाचते आणि जास्त होत असेल तर तेव्हाच कळवते. निपाणीच्या एका साडी दुकानाची 30 सेकंदांची जाहिरात आली, तेव्हा 62 शब्द भरले. रेकॉर्डिंगचे 1,500 आणि सोशल मीडिया व स्थानिक केबलवर एक वर्ष वापरायचे 2,000, असे 3,500 लिहून दिले, निम्मे आगाऊ. माझा उच्चार चुकला तर कितीही वेळा फुकट, बोलण्यातला भाव बदलायचा तर एक रीटेक फुकट, मंजूर झालेली स्क्रिप्ट बदलली तर 750. वर्षानंतर पुढे चालवायची असेल तर वापराचे पैसे पुन्हा. मालकांनी एवढंच विचारलं, "केबल आणि मोबाइल, दोन्ही ह्यात आलं न्हवं?" दोन्ही एका ओळीत लिहिलेलं होतं, ते दाखवलं.

मी पुण्याच्या कामासाठी कमावलेल्या सरळ वळणात पहिला टेक पाठवला. मालकांचा फोन आला, "ताई, हे बातम्यांसारखं वाटतंय. आमच्या गिऱ्हाइकाला घरचं वाटाय पाहिजे."

पुण्याच्या स्टुडिओने हाच घरचा हेल टाळायला लावला होता. वाक्याच्या शेवटी माझा सूर वर जातो म्हणून मी स्क्रिप्टमध्ये शेवटच्या शब्दावर खाली जाणारे बाण काढायची. इथे ते बाण खोडले. 'या की एकदा' हे शब्द आई दारातून हाक मारते तसे म्हटले, 'की' जरा लांबवून. भाव बदलायचा फुकटचा रीटेक त्यातच संपला. 48 किलोहर्ट्झची वेव्ह फाइल सात वाजायच्या आत पाठवली, आणि पलीकडे मामांचा माग सुरू झाला.