चारशे ग्रॅम

"रात्री काय खाल्लंस?"

वस्ताद एवढंच म्हणाले, तेही हळू आवाजात. कुस्तीच्या चाचणीत माझा गट पासष्ट किलोचा आणि काट्यावर ६५.४ आलं होतं. वजनाची वेळ संपायला वीस मिनिटं होती. मी दोरीच्या उड्या मारल्या, कागदी कपात थुंकत राहिलो. पण आदल्या दुपारपासून पाणी बंद होतं, त्यामुळे घाम फुटेना आणि जीभ टाळूला चिकटलेली. दुसऱ्यांदा ६५.३. नाव कापलं गेलं.

आज तिसरा दिवस. हरल्याचं तितकं नाही, चाचणी पुन्हा येईल. पण तो प्रश्न जात नाही. मी काहीच खाल्लं नव्हतं. आमच्या माळकरी घरात चोरून खाणं म्हणजे काय, ते वस्तादांना माहीत आहे, आणि तरी त्यांना विचारावंसं वाटलं. आईला तर अजून सांगितलेलं नाही, ते असो.

काल रात्री वजनाची वही काढून बसलो. सगळं तिच्यात आहे. ताकदीसाठी क्रिएटिनची पावडर सुरू केली त्या सकाळी ६८.२. पाच दिवस रोज वीस ग्रॅम, पाच-पाच ग्रॅम चार वेळा. सहाव्या दिवशी ६९.५. कंबर होती तेवढीच, खुराक तोच. पाच दिवसांत सव्वा किलो मांस चढत नाही आणि चरबीही नाही. क्रिएटिन स्नायूत साठतं आणि सोबत पाणी धरतं, ते पाणी होतं. हा फरक प्रत्येकाला सारखा नसतो, काहींचा काटा फारसा हलतही नाही. पण क्रिएटिन मिळतं मांस-मासळीतून, आमच्यासारख्या शाकाहाऱ्यांच्या स्नायूत ते मुळात कमी असतं, म्हणून आमच्यात साठायला जागा जास्त. पुढे रोज पाच ग्रॅम चालू ठेवलं. मॅटवर जाणवलंही, लागोपाठ तिसरा पट काढतानाही पायात जोर शिल्लक राहायचा.

मग मी काय केलं? चाचणीच्या आठ दिवस आधी डबा बंद केला आणि समजलो की पाणी गेलं. इथेच चुकलो. वीस ग्रॅमनी स्नायू पाच-सहा दिवसांत भरतात, पण रिकामे व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. आठ दिवसांत त्यातलं थोडंच गेलं असणार. मागच्या वेळी याच पद्धतीने वजन उतरवून मी ६४.८ आलो होतो. त्यात हे १.३ मिळवले की ६६.१. या वेळी रात्रीचं जेवण सोडलं, त्याने सातशे ग्रॅम गेले. राहिले ६५.४. हिशोब ग्रॅमला ग्रॅम जुळला तेव्हा मी वहीवर डोकं टेकून रडलो. खोटं बोललो नव्हतो, हे निदान कागदावर तरी होतं.

पॅरिसला २०२४ साली विनेशला शंभर ग्रॅमनी फायनल खेळता आली नाही. तिची गोष्ट वेगळी, पण शेवटच्या रात्री कोरडं पडलेलं अंग किती कमी देतं, ते आता मला कळतं.

दोष पावडरचा म्हणावा तर ती बंदीच्या यादीत नाही आणि तिचं काम तिने केलं. ज्या खेळात वजन आदल्या दिवशी होतं, तिथे रात्रभर खाऊन-पिऊन अंग परत भरता येतं. आमचं वजन कुस्तीच्या दिवशीच सकाळी. जास्तीचा किलो काढायला मी अंगातलं दुसरं पाणी काढतो आणि दोन तासांत तसाच सुकलेला मॅटवर उतरतो. म्हणजे वजनात बसलो असतो तरी त्या दिवशी कमावलेला जोर हाती लागला असता का, मला शंका आहे.

पुढची चाचणी अकरा आठवड्यांवर आहे. आज दुपारी कॅलेंडरवर उलटे मोजले. घ्यायचंच असेल तर वीस ग्रॅमचा प्रकार नको. रोज तीन ग्रॅम, महिनाभरात स्नायू तसेही भरतात. दर सकाळी उपाशीपोटी वजन लिहायचं. चौथ्या आठवड्यात काटा ६९ च्या वर स्थिरावला, तर पासष्टचा हट्ट सोडून सत्तरला उतरायचं, किंवा त्याच दिवशी पावडर बंद करायची. म्हणजे मधे सात आठवडे मिळतात. सत्तरमधले मल्ल अंगाने भरलेले आहेत, भीती वाटते. पण पोटभर जेवून कुस्ती धरायची या विचाराने आज पहिल्यांदा बरंही वाटलं.

संध्याकाळी तालमीत वही घेऊन गेलो. वस्तादांनी चष्मा लावून पान न् पान वाचलं. ६९.५ वर बोट ठेवलं आणि बराच वेळ तिथेच ठेवलं.

"हे त्याच दिवशी का नाही दाखवलंस?"

डबा मी त्यांच्यापासून लपवला होता. खाल्लेलं नव्हतं, पण लपवलं होतं. तसं सांगितलं. ते उठले, वही कपाटात त्यांच्या चष्म्याच्या डबीशेजारी ठेवली आणि म्हणाले, "उद्यापासून वजन मी लिहिणार. साडेपाचला ये."