एकशे सत्त्याऐंशी नावं, एकच पान

कार्यक्रमाच्या दारावर लावायची नावांची यादी माझ्याकडे आली तेव्हा ती एक्सेलमध्ये एकाच कॉलममध्ये होती. १८७ नावं, एकाखाली एक. तशीच छापली असती तर चार पानं झाली असती, आणि प्रत्येक पानाची उजवीकडची तीन चतुर्थांश जागा कोरी राहिली असती. आलेल्या माणसाला एका नजरेत आपलं नाव सापडलं पाहिजे, म्हणून यादी एकाच ए४ पानावर हवी होती.

पहिला सल्ला मिळाला तो `Fit Sheet on One Page` निवडण्याचा. तो पर्याय यादी दुमडत नाही, फक्त लहान करतो. १८७ ओळींची उंची एका पानात बसवायला एक्सेल सगळं साधारण २५ टक्क्यांवर आणतं, म्हणजे ११ पॉइंटची अक्षरं पावणेतीन पॉइंटची होतात. पानाच्या डाव्या कडेला एक बारीक काळी रेघ दिसते आणि बाकी पान रिकामंच राहतं. खरं काम यादीचे तुकडे करून ते शेजारी शेजारी ठेवायचं होतं.

किती तुकडे करायचे हे बहुतेक जण नावांच्या संख्येवरून ठरवतात. माझ्या मते ते सर्वांत लांब नावावरून ठरवावं. कॉलम अरुंद पडला की नावाचा शेवट कापला जातो, आणि पूर्ण नावात शेवटी आडनावच असतं. एकाच पहिल्या नावाची चार माणसं यादीत असतील तर आडनाव कापलेली यादी कुणाच्याच उपयोगाची नाही.

लांब नाव शोधायला `LEN` वापरू नका. देवनागरीत ते फसवतं, कारण ते वेलांटी, उकार, हलन्त सगळं वेगवेगळं मोजतं. ‘कुलकर्णी’ची लांबी ते ८ सांगतं आणि ‘कमलनयन’ची ६, पण कागदावर ‘कुलकर्णी’ला जास्त जागा लागत नाही. त्यापेक्षा कॉलमच्या उजव्या कडेवर दोनदा क्लिक करावं, म्हणजे कॉलम सर्वांत लांब नावापुरता रुंद होतो. मग `Page Layout` दृश्यात जाऊन ती कड पकडली की रुंदी सेंटिमीटरमध्ये दिसते. निर्मला यूआय फॉन्टमध्ये, ११ पॉइंटला, माझं सर्वांत लांब नाव ४.४ सेंमीचं निघालं.

ए४ पान २१ सेंमी रुंद असतं. अरुंद मार्जिन घेतलं, म्हणजे दोन्ही बाजूंना पाव इंच सोडलं, तर सुमारे १९.७ सेंमी उरतात. पाच कॉलम केले तर प्रत्येकाला ३.९ सेंमी मिळतात, म्हणजे लांब नावं कापली जाणार. चार केले तर ४.९ सेंमी मिळतात आणि दोन कॉलमांमध्ये अर्धा सेंटिमीटर मोकळी जागाही राहते. तेव्हा चार कॉलम. १८७ भागिले ४ केलं आणि वरच्या पूर्णांकाला नेलं की ४७ येतात. पहिल्या तीन कॉलमांत ४७ नावं, शेवटच्यात ४६.

आता ४७ ओळी उंचीत बसतात का ते पाहायचं. पान ८४२ पॉइंट उंच. वर-खाली एकेक सेंटिमीटर मार्जिन सोडलं की ७८५ उरतात, त्यातले ३० शीर्षकाला. उरलेल्या ७५५मध्ये ४७ ओळी म्हणजे ओळीला १६ पॉइंट. इंग्रजी नावांना १५सुद्धा चाललं असतं. आपल्या लिपीत मात्र वर वेलांटी आणि रफार, खाली उकार आणि रुकार असतात, आणि ओळ आखडली की सगळ्यात आधी तेच कापले जातात. कापलंय का हे पडद्यावर नेहमी नीट कळत नाही. प्रिंट प्रिव्ह्यू मोठा करून ‘मूर्ती’, ‘कृष्ण’ अशा अक्षरांची नावं पाहिली की समजतं. १६ पॉइंटला ती पूर्ण दिसत होती.

मोजमाप झालं, आता दुमडायचं. सरळ उपाय म्हणजे ४८व्या नावापासून पुढची ४७ नावं कट करून शेजारी पेस्ट करायची, मग पुढची, मग त्यापुढची. यादी पक्की झाली असेल तर त्यात काहीच वावगं नाही. पण कार्यक्रमाची यादी छापण्याच्या क्षणापर्यंत बदलत असते. एक नाव मध्ये घालायचं म्हटलं की त्याच्या पुढचं प्रत्येक नाव एकेक घर सरकवावं लागतं. शिवाय हाताने दुमडलेली यादी पुन्हा अकारविल्हे लावता येत नाही. सॉर्ट एका कॉलमच्या आधाराने सबंध ओळी हलवतं, चार कॉलमांना एकच यादी समजत नाही. म्हणून मूळ यादी होती तशी एका कॉलममध्ये ‘यादी’ नावाच्या शीटवर ठेवली आणि दुसऱ्या शीटवर फॉर्म्युल्याने तिची दुमडलेली प्रत तयार केली.

नव्या एक्सेलमध्ये यासाठी एकच फंक्शन पुरतं:

```
=WRAPCOLS('यादी'!A2:A188,47,"")
```

हे नावं वरून खाली भरतं आणि ४७ झाली की पुढच्या कॉलमला लागतं. शेवटचा `""` दिला नाही तर उरलेल्या घरात `#N/A` छापून येतं. याचं जुळं `WRAPROWS` नावं डावीकडून उजवीकडे भरतं, आणि नावांच्या यादीसाठी ते मला मुळीच पटत नाही. अकारविल्हे यादीत माणूस बोट वरून खाली नेत शोधतो. आडवी भरलेली यादी त्याला प्रत्येक ओळीत चार ठिकाणी पाहायला लावते.

अडचण अशी की पान ज्या संगणकावरून छापायचं होतं, तिथलं एक्सेल जुनं होतं. तिथे `WRAPCOLS` ओळखीचं नसतं आणि नव्याने हिशोब झाला की `#NAME?` दिसतं. म्हणून मी `INDEX` घेतलं, ते कुठल्याही आवृत्तीत चालतं. दुसऱ्या शीटवर पहिली ओळ शीर्षकाला ठेवली आणि F1मध्ये कॉलममागे किती ओळी ते काढलं:

```
=ROUNDUP(COUNTA('यादी'!A2:A500)/4,0)
```

मग A2मध्ये हा फॉर्म्युला लिहून D60पर्यंत ओढला:

```
=IF(ROWS(A$2:A2)>$F$1,"",INDEX('यादी'!$A$2:$A$500,ROWS(A$2:A2)+(COLUMNS($A2:A2)-1)*$F$1)&"")
```

दिसायला लांब आहे, पण आतला विचार साधा आहे. `ROWS` सांगतं की आपण कॉलममध्ये कितव्या ओळीवर आहोत आणि `COLUMNS` सांगतं की आधी किती कॉलम भरून झाले. B5 घ्या. ती दुसऱ्या कॉलमची चौथी ओळ, आधी एक कॉलम भरलेला, म्हणजे ४ अधिक ४७, यादीतलं ५१वं नाव. `IF` हे ४७ ओळींनंतर गप्प बसण्यासाठी आहे. ते नसलं तर पहिल्या कॉलमच्या तळाशी ४८वं नाव येतं आणि दुसऱ्याच्या माथ्यावर पुन्हा तेच. शेवटचा `&""` यासाठी की रिकाम्या घराकडे बोट दाखवणारा `INDEX` ० देतो, आणि दारावरच्या यादीत शेवटच्या नावाखाली ० कुणालाही नको.

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट. दुमडलेल्या यादीतून नाव गळलं तर ती काहीही बोलत नाही. `WRAPCOLS`ला A188पर्यंतच पाहायला सांगितलंय आणि कुणी A189मध्ये नाव टाकलं, तर ते छापलं जात नाही. एरर नाही, रिकामी जागा नाही, पान अगदी नीटनेटकं दिसतं. मधे रिकाम्या ओळी राहिल्या तरी असंच होतं. `COUNTA` त्या मोजत नाही, पण `INDEX` त्यांच्यावरून मोजत जातो, आणि शेवटची नावं कडेबाहेर पडतात. दारापाशी येऊन यादीत स्वतःचं नाव न दिसणं माणसाला लागतं. म्हणून छपाईच्या शीटवर बाजूला दोन आकडे कायम ठेवावेत. F2मध्ये मूळ यादीतली नावं आणि F3मध्ये दुमडलेल्या यादीतली:

```
=COUNTA('यादी'!A2:A500)
=SUMPRODUCT(--(A2:D60<>""))
```

दुसरीकडे `COUNTA` चालत नाही, कारण ते `""` देणारी घरंही भरलेली धरतं. दोन्ही आकडे सारखे असतील तरच छापायचं. तरीही एक फट राहते. मूळ शीटवर A2च्या वर नवी ओळ घातली तर दोन्ही फॉर्म्युले A3पासून मोजू लागतात, आकडे जुळतात आणि वरचं नाव मात्र गायब असतं. म्हणून नवं नाव नेहमी तळाशी लिहायचं आणि मग सॉर्ट करायचं. सॉर्ट केल्यावर एखादं नाव विनाकारण सगळ्यांच्या वर बसलं, तर त्याच्या आधी स्पेस पडलेली असते.

छापताना `Set Print Area` वापरून A1 ते D48 एवढाच भाग दिला. नाहीतर F1मधले आकडेही पानावर येतात, शिवाय ६०व्या ओळीपर्यंतचे रिकामे दिसणारे फॉर्म्युलेही छपाईत धरले जातात आणि मागून एक कोरं पान निघतं.

छापायच्या आदल्या संध्याकाळी आणखी तीन नावं आली. १९० झाली, F1मध्ये आपोआप ४८ आलं आणि सगळी नावं आपापल्या जागी सरकली. प्रिंट एरिया D49पर्यंत वाढवला. उंचीत १३ पॉइंट कमी पडत होते, आणि इथे तेच `Fit Sheet on One Page` कामाला आलं. सगळं ९८ टक्क्यांवर आलं, अक्षरात फरक जाणवलाही नाही. F2 आणि F3 दोन्हीत १९० दिसल्यावर छापायला दिलं.

यापुढे नावं वाढली तर काय, हेही मोजून ठेवलं. पान आडवं केलं की जास्त मावेल असं वाटतं, पण ४.४ सेंमीच्या नावाला आडव्या ए४वर सहा कॉलम बसतात आणि ओळी ३१च राहतात, म्हणजे १८६ नावं. उभ्या पानापेक्षा दोन कमीच. अक्षर ९ पॉइंटवर आणलं तर जागा होते, पण उभ्याने वाचायच्या यादीला ते बारीक पडतं. त्यापेक्षा ए३ बरं. त्यावर उभे सहा कॉलम आणि ६९ ओळी बसतात, म्हणजे चारशेवर नावं. फॉर्म्युला तोच राहतो, फक्त F1मध्ये ४च्या जागी ६ करायचा, फॉर्म्युला F कॉलमपर्यंत आणि ८०व्या ओळीपर्यंत ओढायचा, `SUMPRODUCT`ची कक्षाही तेवढीच वाढवायची, आणि मोजणीचे आकडे आधी उचलून H कॉलममध्ये न्यायचे.