क्विक रेशो काढताना उशिरा पैसे देणारी दुकानं कुठे धरायची? जळगावच्या आमच्या कंपनीतला माझा अनुभव

आमची जळगावात छोटी सॉफ्टवेअर कंपनी आहे, कृषी सेवा केंद्रांना बिलिंग, स्टॉक आणि उधारीखात्याचं सॉफ्टवेअर देतो, गिऱ्हाईक सगळं खान्देशातलंच, रावेर-यावलपासून शहादा-तळोद्यापर्यंत. हिशोबाचं काम माझ्याकडे. मागच्या वर्षी पुण्याच्या एका गुंतवणूकदाराशी बोलणी सुरू झाली आणि त्यांनी पहिल्याच कॉलवर मागितलं ते नफा-तोटा पत्रक नव्हे, क्विक रेशो. तो काढून त्यांच्यापुढे ठेवेपर्यंत जे जे कळलं ते सविस्तर लिहितोय, कारण वर्षाचं सबस्क्रिप्शन घेणारी आणि सीझनवर चालणारी गिऱ्हाइकं ज्यांच्याकडे आहेत त्या सगळ्यांना हेच अडणार आहे.

फॉर्म्युला साधा आहे:

```
Quick Ratio = (New MRR + Expansion MRR) / (Churned MRR + Contraction MRR)
```

एमआरआर म्हणजे दर महिन्याला पक्कं येणारं सबस्क्रिप्शनचं उत्पन्न. वरती नवीन दुकानांचं आणि जुन्या दुकानांनी वाढवलेलं, खालती सोडून गेलेल्यांचं आणि राहून प्लॅन कमी केलेल्यांचं. म्हणजे १०० रुपये गळाले तर त्या बदल्यात किती आले एवढंच तो सांगतो. ४ च्या वर असेल तर चांगलं हा जो आकडा सगळीकडे फिरतो तो मामून हमीद या अमेरिकेतल्या गुंतवणूकदाराने रूढ केलेला आहे, आणि तो झपाट्याने वाढणाऱ्या नव्या कंपन्यांकडे बघून आलेला आहे हे लक्षात ठेवावं.

आमचा एका काउंटरचा प्लॅन वर्षाला ९,६०० रुपये, वर जीएसटी. जीएसटी सरकारचा, तो धरायचा नाही, दुकानात जाऊन सेटअप करून देण्याचे पैसे एकदाच मिळतात तेही धरायचे नाहीत, राहिले ९,६०० भागिले १२ म्हणजे महिन्याला ८०० एमआरआर. जादा काउंटरला महिन्याला ४००. इथपर्यंत काही वाद नाही.

आमचं बिलिंग पॅनल एक्स्पायरीच्या दुसऱ्या दिवशी रिपोर्टमध्ये दुकान इनॅक्टिव्ह दाखवतं आणि पैसे आले की परत अॅक्टिव्ह. त्याच रिपोर्टवरून एप्रिल ते जूनचं पहिलं गणित केलं. सुरुवातीचा एमआरआर ४ लाख. नवीन ९० हजार, एक्स्पान्शन ३० हजार, वरची बेरीज १ लाख २० हजार. गेलेले ५६ हजार, कमी केलेले ४ हजार, खालची बेरीज ६० हजार. रेशो बरोबर २.

५६ हजार बघून मी थबकलो, कारण तीन महिन्यांत सत्तर दुकानं सोडून गेली असती तर आमच्या फिल्डवरच्या पोरांनी आधीच बोंब मारली असती. मग दुकानांच्या नावानिशी यादी काढली. त्यातली ४५ दुकानं वरती 'नवीन' मध्येही बसलेली होती! एप्रिलमध्ये मुदत संपली, मे-जूनमध्ये पैसे आले, पॅनलने आधी गेलेलं दाखवलं आणि नंतर आलेलं. आपल्याकडचं चक्र ज्याला माहीत आहे त्याला यात नवल वाटणार नाही, एप्रिलमध्ये दुकानदाराचा पैसा खरिपाचा माल भरण्यात अडकलेला असतो, शेतकऱ्यांकडची मागची उधारीही सगळी वसूल झालेली नसते. फोन केला की साक्रीकडचा दुकानदार म्हणतो, "आखाजी होऊ दे भाऊ, मंग देसू." आणि देतोही. त्याने सॉफ्टवेअर सोडलेलं नसतं, फक्त पैसे थांबवलेले असतात.

ही ४५ दुकानं म्हणजे ३६ हजार एमआरआर. दोन्हीकडून काढले तर वर उरले ८४ हजार, खाली २४ हजार, रेशो ३.५. आता नीट बघा, पहिल्या हिशोबात १,२०,००० वजा ६०,००० म्हणजे निव्वळ वाढ ६० हजार, दुसऱ्यात ८४,००० वजा २४,००० म्हणजेही ६० हजार. दोन्हीकडे एमआरआर ४ लाखांवरून ४ लाख ६० हजारच होतो, बँकेत एक रुपया इकडचा तिकडे झाला नाही, आणि रेशो २ वरून साडेतीन. कारण भागाकारात वर-खाली सारखीच रक्कम मिळवली की उत्तर १ कडे सरकतं, आणि सारखीच वजा केली की १ पासून लांब पळतं. म्हणून कुणी नुसता रेशो सांगितला तर त्याला काही अर्थ नाही असं माझं स्पष्ट मत झालंय, सोबत 'गेलेला' कधी धरता हा नियम लिहिलेला पाहिजे.

आता नियम आपल्या सोयीने ठरवून चालत नाही, कारण मुदत जितकी लांबवाल तितका रेशो गोंडस दिसणार. सहा महिने वाट बघतो म्हटलं तर कुणी गेलेलंच दिसणार नाही. म्हणून मागच्या सगळ्या उशिरा रिन्यू झालेल्या दुकानांची एक्स्पायरीची तारीख आणि पैसे आल्याची तारीख शेजारी ठेवून मधले दिवस काढले. बहुतेक सगळे ६० दिवसांच्या आत आलेले, त्यापुढे एखाददुसराच. म्हणून ६० दिवस. दुसरी खूण म्हणजे शेवटच्या बिलाची तारीख, एक्स्पायरीनंतर आम्ही जुना डेटा बघू देतो आणि काही दिवस बिलंही करू देतो, तर ज्या दुकानातून त्या दिवसांत रोज बिलं निघतायत ते कुठे गेलेलं नसतं, आणि ज्याचं शेवटचं बिल एक्स्पायरीच्या दोन महिने आधीचं आहे ते बहुतेक वेळा गेलेलंच असतं, ६० दिवस नावाला थांबायचं.

६० दिवसांत पैसे आले नाहीत तर चर्न ज्या महिन्यात मुदत संपली त्याच महिन्यात मागे जाऊन लिहितो. याचा अर्थ शेवटच्या दोन महिन्यांचा आकडा कच्चा असतो, ते शीटमध्ये त्या कॉलमवरच लिहून ठेवलंय. आणि ६० दिवसांनंतर कुणी परत आलंच तर त्याला नवीनमध्ये न टाकता 'परत आलेले' अशी वेगळी ओळ, कारण त्याला आणायला नव्या दुकानाइतकी मेहनत लागलेली नसते आणि नवीनचा आकडा उगाच फुगतो.

हे बसलं तोवर दुसरी गोष्ट समोर आली. ३.५ हा एप्रिल-जूनचा आकडा, तर ऑक्टोबर-डिसेंबरचा किती? वर २४ हजार, खाली ४० हजार, ०.६! एकच्या खाली म्हणजे कंपनी चक्क लहान होतेय, १६ हजारांनी. त्या ४० मध्ये २६ हजार नुसतं कॉन्ट्रॅक्शन. एक दुकान उघडून बघितलं, शिरपूरकडचं, जूनमध्ये बियाणं-खताची गर्दी सुरू झाली तसे त्यांनी दोन जादा काउंटर घेतले, ८०० एक्स्पान्शन, आणि नोव्हेंबरमध्ये गर्दी संपल्यावर दोन्ही बंद, ८०० कॉन्ट्रॅक्शन. मागच्या वर्षीही तेच, त्याच्या आदल्या वर्षीही तेच. अशा सगळ्या दुकानांचे मिळून ५५ काउंटर निघाले, म्हणजे २२ हजार रुपये जूनमध्ये वरून आत येतात आणि दिवाळीनंतर खालून बाहेर जातात.

आमच्याकडे दोन मतं होती. भागीदार म्हणाले एप्रिल-जूनचाच आकडा द्या, खोटा थोडीच आहे. खोटा नव्हताच, पण समोरचा माणूस डिसेंबरचे आकडे मागणारच होता. मी सरळ १२ महिन्यांची बेरीज घेतली. वर्षभरात वर १ लाख ८४ हजार, खाली ९५ हजार, रेशो १.९४. मग सीझनच्या काउंटरचे २२ हजार दोन्हीकडून काढून वेगळ्या ओळीत लिहिले, कारण ते दर महिन्याला पक्कं येणारं उत्पन्न नाहीच, चार-पाच महिन्यांचं भाडं आहे. उरले १ लाख ६२ हजार आणि ७३ हजार, रेशो २.२. वर्षाची निव्वळ वाढ दोन्हीकडे ८९ हजार. आम्ही २.२ दिला, खाली दोन्ही नियम लिहून, आणि सीझनचे काउंटर न वगळता आलेला १.९४ ही शेजारी ठेवला.

४ च्या निम्म्यावर आहोत म्हणून आमच्या ऑफिसात थोडी धाकधूक होती. पण आमचा पहिल्या वर्षाचा रेशो ११ होता हेही शीटमध्ये दिसत होतं, आणि त्यात कौतुकाचं काही नाही, प्लॅन वर्षाचा असल्यावर पहिले १२ महिने कुणाला सोडताच येत नाही, आणि सोडायला मुळात दुकानंच थोडी होती. खालचा आकडा लहान असला की रेशो कितीही मोठा येतो. त्या बाईंनी, म्हणजे गुंतवणूकदार मॅडमनी, ११ कडे ढुंकूनही बघितलं नाही. त्यांनी विचारलं, हे ७३ हजार कोण?

यादी तयारच होती. १७ हजार प्लॅन कमी करणारे, ५६ हजार सोडून गेलेले, आणि गेलेल्यांत निम्म्याहून जास्त दुकानं पहिल्याच रिन्यूअलला गेलेली. तीही एका ठराविक काळात जोडलेली, जून-जुलैत. भर गर्दीत सॉफ्टवेअर बसवलं, काउंटरवरच्या एका पोराला घाईघाईत शिकवलं, मालकाने स्वतः कधी हात लावला नाही, पुढे पोरगा काम सोडून गेला की सॉफ्टवेअर बंद. याउलट जानेवारी ते मार्चमध्ये जोडलेली दुकानं, जेव्हा मालकाला बसून स्टॉक भरायला वेळ असतो, ती जवळजवळ सगळी टिकलेली. रेशोत दोन्हीकडचं दुकान वरती सारखंच ८०० धरलं जातं, जूनचं असो का फेब्रुवारीचं, फरक बारा महिन्यांनी खालच्या ओळीत दिसतो.

मॅडमनी त्यावर पैशांचं लगेच काही सांगितलं नाही, बोलणी अजून चालू आहेत, पण दर तिमाहीला हीच शीट याच नियमांनी पाठवा म्हणाल्या. आम्ही दोन बदल केले. सीझन काउंटर आता पॅनलमध्ये वेगळा पॅक आहे, जून ते ऑक्टोबर, एकदाच पैसे, त्यामुळे तो एमआरआरमध्ये शिरतच नाही. आणि जूनमध्ये नवीन दुकान घेतलं तर मालकाचं ट्रेनिंग दिवाळीनंतर पुन्हा एकदा करायचं, ते झाल्याची तारीख शीटमध्ये भरल्याशिवाय सेल्सवाल्याचा उरलेला इन्सेंटिव्ह सुटत नाही.