डबा तोच, वजन वेगळं

पशुखाद्याच्या कारखान्याच्या मालकांनी ओळ तयारच आणली होती. "१५ दिवसांत २ लिटर दूधवाढ, हमखास!" ती पोत्याच्या दर्शनी बाजूला लाल अक्षरात हवी होती, आणि मी फक्त खाली शोभेल असा चार ओळींचा मजकूर लिहून द्यायचा होता. मी लातूरला जाहिरातींचा आणि पॅकिंगचा मजकूर लिहिते. मसाले, बियाणं, अगरबत्ती सगळं लिहून झालं होतं, पशुखाद्य पहिल्यांदाच आलं होतं.

"पुरावा आहे," असं म्हणत मालकांनी एक वही पुढे केली. त्यांच्या माणसांनी औसा तालुक्यात दहा घरी कारखान्याच्या गोळी पेंडेची दोन-दोन पोती फुकट दिली होती आणि पंधरा दिवसांनी दूध किती झालं ते लिहून आणलं होतं. सात नावांपुढे वाढ, दोघांपुढे 'फरक नाही' आणि एका नावापुढे 'माहिती नाही'. वही खोटी वाटत नव्हती. पण आमच्या घरी मी दहावीत जाईपर्यंत दावणीला म्हैस होती, आणि दुधाच्या बाबतीत 'हमखास' हा शब्द मी आजीच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. मी वहीचे फोटो काढून घेतले, घरातला छोटा वजनकाटा पिशवीत टाकला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी निघाले.

पहिलं घर एका तात्यांचं. वहीत त्यांच्या म्हशीचं दूध ६ लिटरवरून ८ वर गेलं होतं. तात्या खुशीत होते, म्हणाले, "पेंड लय चांगली हाय, लिहा तुमी बिनधास्त." मी विचारलं, म्हैस व्याली कधी? त्यांनी बोटांवर मोजलं. पोती आली त्याच्या बारा दिवस आधी.

इथेच निम्मं उत्तर मिळालं. गाय असो की म्हैस, व्याल्यावर साधारण सहा ते आठ आठवडे दूध चढत जातं, काही दिवस टिकतं आणि मग हळूहळू उतरतं. तात्यांची म्हैस ऐन चढावर होती. गोळी पेंड आली नसती तरी तिचं दूध वाढलंच असतं. वाढीतला किती भाग पेंडेचा, हे आता कुणालाच सांगता येणार नव्हतं. उलट एखादी गाय पाच महिन्यांची दुभती असेल आणि पंधरा दिवसांत तिचं दूध जागेवर टिकलं असेल, तर तोही खुराकाचा गुण असू शकतो. वहीत मात्र तिच्यापुढे 'फरक नाही' असंच लिहिलं जाणार. सातही वाढींसमोर मी 'व्याली कधी' असा रकाना आखला. त्यातली चार जनावरं महिन्याच्या आत व्यालेली निघाली.

दुसरं घर एका काकूंचं, ते मला आजही जसंच्या तसं आठवतं. त्यांची संकरित गाय व्यायला तीन महिने होऊन गेले होते, म्हणजे चढ संपला होता, तरी दूध साडेसहा लिटरवरून ८ लिटरवर आलं होतं. संकलन केंद्राच्या पावत्या काकूंनी तारखेनुसार दोऱ्यात ओवून ठेवल्या होत्या. ही वाढ खरी होती. मालकांची ओळ खरी ठरवणारं घर सापडलं असं मला क्षणभर वाटलं.

"आधी काय घालत होतात?"

"सरकी आन् मक्याचा भरडा. ह्या डब्यानं दोन डबे सकाळी, दोन संध्याकाळी. आता गोळी पेंड घालायलाव, पन माप त्येच हाय. जास्त एक दाना न्हाई."

डबा म्हणजे तेलाचा, वरचा पत्रा कापून काठ ठोकून बसवलेला. मी विचारलं, भरडा आहे का अजून? कोपऱ्यातल्या कणगीत थोडा होता. वजनकाटा ओट्यावर ठेवला, रिकाम्या डब्याचं वजन वजा केलं आणि आधी भरड्यानं डबा भरला. ९०० ग्रॅम. मग तोच डबा तसाच शिगेला न लावता गोळी पेंडेनं भरला. १ किलो ३०० ग्रॅम. काकूंनी स्वतः परत भरून बघितला. आकडा तोच आला.

भरडा फुगीर असतो, मधे हवा राहते. गोळी यंत्रात दाबून केलेली असते, म्हणून तेवढ्याच जागेत जास्त माल बसतो. चार डब्यांचा हिशेब मांडला तर आधी गायीच्या पोटात दिवसाला ३ किलो ६०० ग्रॅम जात होतं आणि आता ५ किलो २०० ग्रॅम. काकूंच्या मते काहीच वाढलं नव्हतं. प्रत्यक्षात दीड किलोहून जास्त खुराक वाढला होता.

कारखान्यातल्या आहारतज्ज्ञांना मी तिथूनच फोन लावला. त्यांनी जो हिशेब सांगितला तो पशुवैद्यकही सांगतात: जनावराच्या स्वतःच्या शरीरासाठी साधारण २ किलो खुराक, त्यावर गायीला दर लिटर दुधामागे ४०० ग्रॅम, म्हशीला ५०० ग्रॅम, कारण म्हशीच्या दुधात फॅट जास्त. म्हणजे साडेसहा लिटरच्या गायीला ४ किलो ६०० ग्रॅम हवा होता. काकू एक किलो कमी घालत होत्या, न कळत, कित्येक महिने. गायीची ताकद ८ लिटरची होती, खुराक मात्र तेवढा नव्हता. तूट भरली आणि दूध आलं. ८ लिटरला २ किलो आणि ३ किलो २०० ग्रॅम, म्हणजे बरोबर ५ किलो २०० ग्रॅम. योगायोगानं काकूंचा डबा नेमका तिथेच पोचला होता.

गोळी पेंड सरकी-भरड्यापेक्षा समतोल असते, त्यात खनिजं असतात, हेही खरं. तिचा वाटा त्या दीड लिटरात असणार. पण त्याच काकूंनी आधीपासून पुरेसा खुराक घातला असता, तर पोतं बदलून दीड लिटर वाढलं नसतं, आणि गायीच्या ताकदीच्या वर कितीही ओतलं तरी ते दुधात न जाता अंगावर जातं. पोत्यावर लिहिण्यासारखं जे होतं ते मला त्या ओट्यावर सापडलं.

तिसरं घर 'माहिती नाही' वालं. तिथला पोरगा आधी बोलायलाच तयार नव्हता. मग सांगितलं, की फुकटची पोती आली म्हणून जुना खुराक एकदम बंद केला आणि पहिल्याच दिवसापासून पाच किलो गोळी पेंड घातली. तिसऱ्या दिवशी गाईनं गव्हाणीत तोंड घालणं सोडलं, रवंथ थांबला, शेण पातळ झालं. डॉक्टर बोलवावा लागला, दोन दिवस दूध निम्म्यावर आलं. यात माल वाईट नव्हता. कोटीपोटातल्या सूक्ष्मजीवांना नव्या खाद्याची सवय व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात. एकदम जास्त दाणा पडला की पोटात आम्ल वाढतं. जुन्यातलं थोडं थोडं कमी करत नवं वाढवायचं असतं, हे त्या पोराला कुणी सांगितलं नव्हतं. पोत्यावरही नव्हतं. मला त्या पोराकडे बघवेना.

संध्याकाळी कारखान्यात परतले. मालकांना वही परत देताना प्रत्येक नावापुढे मी काय लिहिलंय ते दाखवलं. त्यांचा पहिला प्रश्न होता, "सगळेच लिहितात, आपण नाही लिहिलं तर पोतं उचलेल कोण?" प्रश्न रास्त होता. मी दोन गोष्टी सांगितल्या. एक, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची जी व्याख्या आहे, तिच्यात खोटी हमी थेट मोडते, आणि आपल्याच वहीत दोघांना फरक नाही. दुसरी गोष्ट त्यांना जास्त पटली. ज्यानं २ लिटर वाचून पोतं नेलं तो सोळाव्या दिवशी पावत्या मोजणार. वाढलं नाही तर दुकानदाराच्या पायरीवर पोतं आपटणार, आणि गावात त्याचंच ऐकलं जाणार.

"मग बारीक अक्षरात अटी टाकू," ते म्हणाले. त्यावर छपाईवाल्यांनीच मान हलवली. पोतं विणलेल्या प्लास्टिकच्या पट्ट्यांचं असतं. बारीक अक्षर विणीच्या खाचांत फुटतं, शाई पसरते. म्हणजे मोठ्या अक्षरातली हमी दिसणार आणि अट कुणालाच वाचता येणार नाही. मला ते अगदीच मंजूर नव्हतं. जी अट हमीइतकी मोठी छापता येत नाही, ती हमी द्यायचीच नाही, असं मी स्पष्ट सांगितलं.

शेवटी दर्शनी बाजूला असं आलं:

"दूध अडलंय? आधी खुराक तोलून बघा. गाईला लिटरमागे ४०० ग्रॅम, म्हशीला ५०० ग्रॅम, शिवाय शरीरासाठी २ किलो."

'दूध वाढवा' असं मी लिहिलं नाही. तरी ज्याच्या घरी तूट आहे त्याला ती ओळ वाचून वाढीची वाट दिसते, आणि ज्याच्या घरी तूट नाही त्याला खोटी आशा लागत नाही. पाठीमागे मोठ्या अक्षरात तक्ता: गाय ५ लिटरची असेल तर ४ किलो, ८ लिटरची ५ किलो २०० ग्रॅम, १० लिटरची ६ किलो, म्हशीचा वेगळा. त्याखाली चार वाक्यं:

"डबा बदलला नाही तरी वजन बदलतं. गोळी पेंड डब्यात भरून एकदा तोला आणि खूण करा."

"जुना खुराक ७ ते १० दिवसांत थोडा थोडा बदला. एकदम बदलू नका."

"वैरण आणि स्वच्छ पाणी भरपूर हवं. पेंड वैरणीची जागा घेत नाही."

"दूध किती वाढेल हे जनावराची जात, व्याल्यापासूनचे दिवस, वैरण आणि तब्येत यांवर ठरतं. म्हणून आम्ही लिटरचा आकडा लिहीत नाही."

शेवटचं वाक्य मालकांनी दोनदा खोडलं. तिसऱ्यांदा आहारतज्ज्ञ म्हणाले, राहू द्या, हेच वाक्य बघून डॉक्टर लोक आपलं नाव सुचवतील. ते राहिलं. दुधानं ओसंडणारी बादली मात्र चित्रात राहिलीच, ती मला काढून घेता आली नाही, आणि अजूनही खटकते.

छपाईचा नमुना आल्यावर मी तो आधी काकूंकडे नेला. काकूंना वाचता येत नाही, सुनेनं मोठ्यानं वाचलं. 'खूण करा' ऐकताच काकू उठल्या, तोच तेलाचा डबा घेऊन आल्या, सुनेकडून लाल नेलपॉलिश मागून घेतली आणि मला म्हणाल्या, "तोल बाई. एक किलो कुठं येतंय दाव, तिथं रेघ मारते."