पाचातली तीन बरोबर

राजारामपुरीतल्या आमच्या क्लासमध्ये मी बँकेच्या परीक्षांसाठी अंकगणित शिकवते. आयबीपीएसच्या पूर्वपरीक्षेत या विभागाला 35 प्रश्न आणि 20 मिनिटं असतात. त्यात बहुतेक वेळा एकच आलेख किंवा तक्ता देऊन त्यावर पाच-सहा प्रश्न विचारलेले असतात. आलेख वाचण्यात घोळ झाला तर तो प्रत्येक प्रश्नात शिरतो, हे मी मुलांना पहिल्याच तासाला सांगते. पण शिरलेला घोळ सगळीकडे दिसतोच असं नाही, हे त्या दिवशी एका मुलाच्या रफ कागदावर लख्ख दिसलं.

सरावाचा संच जुना होता. अ, ब, क, ड, इ या पाच दूध संस्थांचं 2022 आणि 2023 मधलं संकलन, हजार लिटरमध्ये. प्रत्येक संस्थेचे दोन स्तंभ, स्तंभांच्या डोक्यावर आकडे नाहीत. उभा अक्ष 100 पासून सुरू होणारा, पुढे 120, 140 असा 200 पर्यंत. खरे आकडे असे होते:

2022: अ 140, ब 120, क 160, ड 150, इ 180
2023: अ 160, ब 150, क 180, ड 120, इ 190

कागलहून येणारा हा मुलगा आकडेमोडीत एकदम पक्का. तरी पाचपैकी दोन प्रश्न चुकले होते. ब संस्थेची वाढ 25 टक्के, त्यानं 150 लिहिली होती. 2022 मधलं अ आणि क यांचं गुणोत्तर 7:8, त्यानं 2:3 दिलं होतं. बाकी तीन बरोबर.

मी म्हटलं, "आलेख परत वाच."

"आलेख बरोबरच वाचलाय की मॅडम. आकडे चुकले असते तर सगळीच उत्तरं चुकली असती. तीन बरोबर कशी आली असती?"

प्रश्न रास्त होता. मी त्याचा रफ कागद मागितला. त्यानं आकडे मांडलेच नव्हते. प्रत्येक प्रश्नाला लागतील तेवढे स्तंभ तेवढ्यापुरते वाचले होते. वेळ वाचवायला तो अक्षावरचा आकडा न बघता खालून घरं मोजत होता. एक घर 20 चं, अ चा 2022 चा स्तंभ दोन घरं उंच, म्हणून 40. अक्षाच्या तळाचं 100 कोपऱ्यात बारीक छापलेलं, ते त्यानं बघितलंच नव्हतं. म्हणजे प्रत्येक स्तंभातून 100 गायब.

आता ती तीन उत्तरं बरोबर का आली, ते आम्ही दोघांनी फळ्यावर बघितलं. 2023 मध्ये क हा ब पेक्षा किती जास्त? खरं 180 उणे 150, त्याचं 80 उणे 50, दोन्हीकडे 30. दोन वर्षांच्या एकूण संकलनातला फरक? खरं 800 उणे 750, त्याचं 300 उणे 250. पुन्हा 50 च. वजाबाकीत दोन्ही बाजूंचे शंभर उडून जातात. भागाकारात ते उडत नाहीत, म्हणून टक्के आणि गुणोत्तर कोसळलं.

पण पाचवा प्रश्न टक्क्यांचाच होता: 2023 च्या एकूण संकलनात अ चा वाटा किती? तो कसा बरोबर आला, यापाशी मीही थांबले. खरं 800 पैकी 160, म्हणजे 20 टक्के. त्याचं 300 पैकी 60, तेही 20 टक्केच! 160 ही त्या वर्षाची नेमकी सरासरी आहे. पाचांत सरासरीइतका असलेल्याचा वाटा पाचावा हिस्साच राहणार, सगळ्यांतून कितीही सारखं वजा करा. मुलगा फळ्याकडे बघतच राहिला. मलाही हा योगायोग फार आवडला.

म्हणून आता कुठली उत्तरं चुकली यापेक्षा कुठल्या जातीची चुकली, हे मी आधी बघते. फरक बरोबर आणि टक्के चूक असतील तर अक्षाचा तळ सुटलाय. गडद आणि फिका स्तंभ, म्हणजे वर्षंच उलटी धरली, तर नमुना वेगळा दिसतो: ब ची 25 टक्के वाढ 20 टक्के घट होते, क आणि ब मधला फरक 30 ऐवजी 40 येतो.

त्या मुलाला मी दहा खणांचा छोटा तक्ता आधी भरायला लावला. स्तंभाच्या टोकापासून आडवी नजर थेट अक्षावरच्या आकड्यापर्यंत न्यायची, घरं मोजायची नाहीत. टोक दोन रेघांच्या बरोबर मध्ये असेल तर, जसं ड चं 150, मधला आकडा धरायचा. मध्येही नाही आणि रेघेवरही नाही असं टोक असेल, तर नजरेचा अंदाज पर्यायांत पुरेसं अंतर असलं तरच चालतो. तक्ता भरायला वेळ जातो, पण पुढे पाचही प्रश्नांना आलेखाकडे परत बघावं लागत नाही.

संचातला पाचवा प्रश्न मी बदलला. अ च्या जागी इ घातला. आता खरं उत्तर 23.75 टक्के आहे आणि तळाचं 100 विसरणाऱ्याचं 30 येतं. पर्यायांत दोन्ही ठेवलेत.