7.5 जास्त की 7.7? EFFECT लावून केलेला ठेवींचा हिशेब

काका निवृत्त झाले तेव्हा हाती आलेल्या रकमेपैकी पाच लाख पाच वर्षांसाठी बाजूला ठेवायचे, एवढं त्यांचं पक्कं होतं. कुठे ठेवायचे, हे ठरायचं होतं. साताऱ्याच्या घरी टेबलावर तीन कागद होते. पोस्टाची पाच वर्षांची टीडी, म्हणजे मुदत ठेव, 7.5 टक्के, पोस्टाचंच एनएससी, म्हणजे राष्ट्रीय बचत प्रमाणपत्र, 7.7 टक्के आणि एका बँकेची पाच वर्षांची मुदत ठेव 7.25 टक्के. बँकेच्या पत्रकावर मात्र ठळक अक्षरांत ‘वार्षिक परतावा 8.65%’ छापलं होतं. काका म्हणाले, “अगं, मग बँकच बरी की! तू एकदा कॉम्प्युटरवर मांडून दे.”

पोस्टाचे दर सरकार दर तिमाहीला जाहीर करतं. टीडीला 7.5 आणि एनएससीला 7.7 हे दर 1 एप्रिल 2023 पासूनच्या तिमाहीत आले, आणि आम्ही हिशेब केला तेव्हा तेच चालू होते. तुम्ही करत असाल तेव्हाचे दर बघून घ्या, पद्धत तीच राहील.

हे तीन आकडे नुसते शेजारी ठेवून लहानमोठे ठरवता येत नाहीत, कारण तिघांची चक्रवाढ वेगवेगळी आहे. टीडीचं व्याज तिमाहीला मोजतात आणि वर्षाला हातात देतात. एनएससीचं व्याज वर्षातून एकदा मुद्दलात जमा होतं आणि सगळं मिळून पाच वर्षांनी मिळतं. बँकेच्या ठेवीची चक्रवाढ तिमाही होती. कागदावरचा दर नुसता सांगायचा दर असतो. वर्षाअखेरीस शंभराचे खरोखर किती होतात ते काढलं, की मग तुलना करता येते. एक्सेलमधलं EFFECT हेच काम करतं. गूगल शीट्स आणि लिबर ऑफिसमध्येही ते याच नावानं आहे.

त्याला दोनच गोष्टी सांगायच्या असतात: वार्षिक दर आणि वर्षातून किती वेळा चक्रवाढ होते तो आकडा. मासिक असेल तर 12, तिमाही 4, सहामाही 2, वार्षिक 1. मी पहिल्या रकान्यात ठेवीचं नाव, दुसऱ्यात दर आणि तिसऱ्यात हा आकडा लिहिला आणि चौथ्यात सूत्र टाकलं:

```
=EFFECT(B2,C2)
```

तुमच्या मशीनवर दशांशासाठी स्वल्पविराम वापरायची सेटिंग असेल, तर मधल्या स्वल्पविरामाच्या जागी अर्धविराम लागतो. उत्तराचा रकाना टक्केवारीत करून दोन दशांश स्थळं दाखवायला सांगा, नाहीतर 0.08, 0.07 असं काहीतरी दिसतं आणि टीडी आणि एनएससी सारख्याच वाटायला लागतात.

टीडीसमोर आलं 7.71%, एनएससीसमोर 7.70%, बँकेसमोर 7.45%. म्हणजे 7.5 टक्क्यांची टीडी 7.7 टक्क्यांच्या एनएससीपेक्षा किंचित वरचढ!

काकांचा यावर विश्वास बसेना. म्हणून आम्ही टीडीचा एक वर्षाचा हिशेब हातानं केला. 7.5 चे चार भाग केले की तिमाहीला 1.875 टक्के पडतात. दहा हजारांचे पहिल्या तिमाहीअखेर 10,187.50 होतात, दुसरीअखेर 10,378.52, तिसरीअखेर 10,573.11 आणि वर्षाअखेर 10,771.36. पोस्टाच्या तक्त्यात पाच वर्षांच्या टीडीसमोर दहा हजारांवर वार्षिक व्याज 771 रुपये दिलेलं असतं. काकांनी तो तक्ता काढून बोट ठेवून आकडा ताडून बघितला, तेव्हा कुठे त्यांचं समाधान झालं. EFFECT बरोबर लावलंय की नाही, हे तपासायला याहून चांगली खूण मला माहीत नाही. आलेली टक्केवारी दहा हजारांना लावायची आणि पोस्टाच्या तक्त्यातल्या रुपयांशी जुळते का ते बघायचं.

हा पडताळा किती कामाचा आहे ते त्याच संध्याकाळी कळलं. चुलत भावानं आपल्या लॅपटॉपवर हाच तक्ता केला आणि टीडीसमोर 4 ऐवजी 20 टाकले. पाच वर्षांत तिमाह्या वीस, म्हणून वीस. उत्तर आलं 7.77%. आकडा इतका साधा दिसतो, की नुसतं बघून कुणालाच शंका येणार नाही. पण दहा हजारांवर 777 होतात आणि तक्त्यात आहेत 771, तिथेच ते अडलं. दुसऱ्या जागी मुदत लिहायचीच नसते. ठेव एक वर्षाची असो की दहा, तिमाही चक्रवाढ म्हणजे 4 च.

बाकीच्या चुका लगेच लक्षात येतात. सूत्रात 7.5% ऐवजी नुसतं 7.5 लिहिलं, तर ते साडेसातशे टक्के धरलं जातं आणि उत्तर 6732% येतं. वेबसाइटवरून `7.5% p.a.` असं सगळं उचलून चिकटवलं, तर तो मजकूर होतो आणि `#VALUE!` दिसतं. दर शून्य असेल किंवा दुसऱ्या जागी एकाहून कमी आकडा असेल, तर एक्सेलमध्ये `#NUM!` येतं. दराचा रकाना भरायचा राहिला तरी तो शून्यच धरला जातो, तेव्हा हे दिसलं की आधी रिकामा रकाना शोधावा.

आता बँकेच्या 8.65 कडे वळू. EFFECT बँकेला 7.45 देतं आणि पत्रक 8.65 म्हणतं, तर हे वरचे 1.2 टक्के आले कुठून? मी पाच वर्षांची पूर्ण रक्कम काढली:

```
=10000*(1+7.25%/4)^20
```

उत्तर आलं 14,322.61. म्हणजे पाच वर्षांत व्याज 4,322.61. याला सरळ पाचानं भागलं की वर्षाला 864.52, म्हणजेच 8.65 टक्के. पत्रकातला आकडा असा तयार होतो. चक्रवाढीनं साठलेलं व्याज सरळव्याजासारखं वर्षांत वाटून टाकायचं. त्यात खोटं काही नाही, पण मुदत वाढवली की हा आकडा आपोआप फुगतो. तोच 7.25 चा दर तीन वर्षांच्या ठेवीला लावला, तर हाच ‘परतावा’ 8.02 दिसतो आणि एका वर्षाला 7.45. दर तोच, कमाईचा वेग तोच, तरी पाच वर्षांची ठेव जास्त गोड वाटते. EFFECT चं उत्तर मुदतीनं बदलत नाही, म्हणून तुलनेला तेच घ्यावं.

याच चालीनं एनएससीचा आकडा काढला तर? दहा हजारांचे पाच वर्षांत 14,490 होतात, म्हणजे ‘परतावा’ 8.98 टक्के. काकांना हे दाखवल्यावर त्यांनी बँकेचं पत्रक स्वतःच बाजूला सरकवलं.

उरली टीडी आणि एनएससी. EFFECT च्या मते टीडी 7.71 आणि एनएससी 7.70. इथे मात्र मी काकांना थांबवलं. EFFECT एका वर्षाचं खरं उत्तर देतं, आणि ते व्याज पुढच्या वर्षी मुद्दलात राहणार की नाही, हे त्याला माहीत नसतं. टीडीचं व्याज दर वर्षी खातेदाराला देय होतं. ते उचललं नाही, तरी त्या पडून राहिलेल्या व्याजावर टीडीत वेगळं व्याज मिळत नाही. एनएससीचं व्याज मात्र आतच राहून वाढतं.

रुपयांत मांडलं की फरक डोळ्यांत भरतो. पाच लाखांच्या टीडीतून दर वर्षी 38,550 रुपये मिळाले असते, पाच वर्षांचे 1,92,750. मुद्दल धरून 6,92,750. एनएससीत पाच लाखांचे 7,24,500 झाले असते. टीडीचं व्याज दर वर्षी 7.71 टक्क्यांनीच पुन्हा गुंतवत गेलं, तरच ती एनएससीला गाठून किंचित पुढे जाते. घरखर्चात गेलेलं व्याज काही वाढत नाही. म्हणून चौथ्या रकान्यातला आकडा वाचण्याआधी मी पाचवा रकाना केला आणि त्यात ‘व्याज आत राहतं’ किंवा ‘व्याज हातात येतं’ एवढंच लिहिलं. हा रकाना प्रत्येकानं करावा, असं मी मनापासून सांगेन.

हे चाललं असताना काकूंनी एमआयएसचं, म्हणजे पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेचं विचारलं. त्याचा दर 7.4 टक्के, व्याज दरमहा. `=EFFECT(7.4%,12)` केलं की 7.66% येतं. पण हेही हातात येणारं व्याज. पाच लाखांवर महिन्याला सुमारे 3,083 रुपये मिळतात, आणि ते भाजीपाल्यात, औषधात गेले की खरा दर 7.4 च राहतो. महिन्याला मिळालेली रक्कम महिन्याच्या महिन्याला तेवढ्याच दरानं कुठेतरी गुंतवली, तरच 7.66 पदरात पडतात. पोस्टाच्या आरडीत टाकावी म्हटलं तर तिचा दर तेव्हा कमी होता. ज्यांना दरमहा पैसे लागतात त्यांच्यासाठी ही योजना उत्तमच आहे. फक्त तिचा 7.66 हा आकडा एनएससीच्या 7.70 शेजारी ठेवून ‘चार पैशांचाच फरक’ म्हणू नये.

काकांना पेन्शन आहे, त्यामुळे दरमहा रकमेची गरज नव्हती. वर्षातून एकदा दोघांच्या मेडिक्लेमचा हप्ता भरायचा असतो, त्यातला काही भाग व्याजातून निघावा अशी त्यांची इच्छा होती. एनएससी मुदतीआधी सहजासहजी मोडता येत नाही, हेही त्यांनी लक्षात घेतलं. शेवटी एक लाख टीडीत ठेवले, त्याचे वर्षाला 7,710 येतात आणि ते हप्त्याला लागतात. चार लाखांचं एनएससी घेतलं, त्याचे मुदतीअखेर 5,79,600 होतील.